संरक्षक भिंतीची निविदा : बाबनिहाय दर भरताना वही आणि फाईलमध्ये ७७,००० चा फरक

वेदिका_म

नमस्कार. बाबांचा छोटा ठेकेदारी व्यवसाय आहे. आजवर त्यांनी टक्केवारीच्या निविदाच भरल्या. आता गावाजवळच्या एका शाळेच्या संरक्षक भिंतीचं काम ऑनलाइन निघालंय आणि त्यात प्रत्येक बाबीचा दर वेगळा भरायचा आहे. संगणकाचं काम माझ्याकडे आहे. बाबांनी वहीत दर काढून दिले, मी ते बीओक्यूच्या फाईलमध्ये भरले. फाईलमध्ये परिमाण आणि एकक विभागाने आधीच दिलेलं आहे, ते बदलता येत नाही. आपण फक्त दराचा रकाना भरायचा, रक्कम आपोआप येते.

बाबांच्या वहीत बेरीज ८,३५,१२०. फाईलमध्ये ९,१२,१२०. दर मी तीनदा ताडून पाहिले, वहीतलेच आहेत. फाईलमधलं सूत्र चुकत असेल का? पत्रक असं आहे, जीएसटी सोडून:

| क्र. | बाब | परिमाण | एकक | दर (रु.) | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| १ | माती व मुरमातील खोदाई | ७२ | घनमीटर | २१० | १५,१२० |
| २ | कठीण खडकातील खोदाई | ६ | घनमीटर | ४०० | २,४०० |
| ३ | मुरूम भराव, पाणी मारून दाबून | ८५ | घनमीटर | १,४०० | १,१९,००० |
| ४ | पायाखालचं काँक्रीट | १४ | घनमीटर | ५,६०० | ७८,४०० |
| ५ | दगडी बांधकाम | ४८ | घनमीटर | ४,७०० | २,२५,६०० |
| ६ | वीट बांधकाम | ३८ | घनमीटर | ७,४०० | २,८१,२०० |
| ७ | प्लास्टर | ४१० | चौ. मीटर | २९० | १,१८,९०० |
| ८ | लोखंडी फाटक | ६५० | किलो | ११० | ७१,५०० |
| | एकूण | | | | ९,१२,१२० |

शेवटची तारीख पुढच्या गुरुवारी आहे.

---

तापीकाठ

फाईलमध्ये वर एक खाली उघडणारी यादी असते, तिथे जास्त की कमी ते निवडायचं आणि खाली टक्के टाकायचे. तुम्ही ते निवडलं नसेल, म्हणून रक्कम जास्त दाखवते. माझ्या एका कामात मी कमीऐवजी जास्त निवडून फाईल चढवली. साडेआठ टक्के खाली जायचं होतं, तेवढाच वर गेलो आणि काम हातचं गेलं. ती यादी आधी बघा.

---

वेदिका_म

दादा, तशी यादी या फाईलमध्ये नाहीच. दराचा रकाना प्रत्येक ओळीला मोकळा आहे.

---

एमबी_वाला

तापीकाठ सांगतात ती बी-१ नमुन्याची टक्केवारी निविदा. तिथे दर विभागाचेच असतात, आपण फक्त सगळ्यांवर मिळून किती टक्के वर किंवा खाली ते सांगतो. वेदिकाताईंची बी-२ आहे, बाबनिहाय दरांची. इथे टक्के नसतात.

सूत्र बरोबर आहे. ताई, वहीत तिसऱ्या बाबीपुढे काय लिहिलंय ते बघा. माझा अंदाज, ३० ब्रास गुणिले १,४०० असं असेल.

---

वेदिका_म

अगदी तसंच आहे काका! ३० ब्रास, १,४०० प्रमाणे ४२,०००. मी १,४०० उचलून घनमीटरपुढे लिहिले. १,१९,००० वजा ४२,००० म्हणजे बरोबर ७७,०००.

---

नवनाथ_कन्स्ट्रक्शन

एका ब्रासचे २.८३ घनमीटर होतात. १,४०० ला भागलं की ४९५ च्या आसपास दर येतो. तेवढा लिहा, ८५ ने गुणून ४२,०७५ येतील, बेरीज ८,३५,१९५. वहीशी जुळलं, विषय संपला.

आणि एक सांगतो. समजा चुकीचीच रक्कम गेली असती तरी घाबरायचं नाही. निविदा उघडल्यावर पत्र द्यायचं, आकडेमोडीची चूक आहे म्हणून. दुरुस्त करून देतात.

---

एमबी_वाला

नवनाथदादांचं भागाकाराचं गणित बरोबर, बाकी दोन्ही गोष्टींवर थांबायला लागेल.

पत्राचं आधी. कागदी निविदांच्या काळात दर गुणिले परिमाण आणि पुढे लिहिलेली रक्कम यांचा मेळ बसला नाही, तर कार्यालय दर धरून रक्कम दुरुस्त करायचं. अंकात एक आणि अक्षरात दुसरं असेल तर काय धरायचं त्याचीही अट असायची. त्या दुरुस्तीतसुद्धा दराला कुणी हात लावत नसे. आता ऑनलाइन फाईलमध्ये गुणाकार, बेरीज, अक्षरी रक्कम सगळं सूत्रानेच येतं, म्हणजे दुरुस्त करण्याजोगी आकडेमोड उरलेलीच नाही. उरतो तो फक्त दर, आणि पाकीट उघडल्यावर दर बदलणं म्हणजे नवी बोली. तुमच्या पत्रावर कुणी तसं करू दिलं तर दुसरा निविदाकार लगेच तक्रार करेल आणि त्याचं म्हणणं खरं असेल. मुदत संपण्याआधी मात्र सुधारलेली फाईल पुन्हा चढवता येते, शेवटची चढवलेली धरतात. फक्त निविदा मागे घेण्याचं बटण दाबू नका. मागे घेतली की त्या निविदेत परत येता येत नाही.

आता मुरूम. बाबनिहाय पत्रकात रकमेचा रकाना फक्त तुमची तुलना करण्यासाठी असतो. कोण सगळ्यात खाली ते त्यावरून ठरतं, तिथे त्याचं काम संपतं. बिल होतं ते दराच्या रकान्यावर, आणि प्रत्यक्ष मोजलेल्या परिमाणावर. म्हणून वहीची बेरीज जुळली एवढ्यावर समाधान मानू नका. एकेका दराला विचारायचं, ही एक घनमीटर मी या पैशात करू शकतो का?

बाबांचा १,४०० हा गाडीतल्या मुरमाचा भाव आहे. गाडीतला मुरूम सुटा असतो. बाबीत लिहिलंय ‘पाणी मारून दाबून’, म्हणजे मोजणार ते दाबलेलं. सुटा मुरूम दाबला की बसतो. किती बसतो ते मुरमावर आहे, पण दाबलेल्या ८५ घनमीटरसाठी सुटा सव्वापट, म्हणजे सुमारे १०६ घनमीटर धरायला हरकत नाही. त्याचे ब्रास होतात साडेसदतीस. तीस ब्रासमध्ये तुमचा भराव पुरा होणारच नाही. साडेसदतीस ब्रासचे ५२,५०० नुसते मालाचे, त्यावर पसरणं, टँकरचं पाणी, धुमस किंवा छोटा रोलर. माझ्या हिशेबाने घनमीटरला ७०० च्या खाली हा दर बसत नाही. बाबांनाच विचारा, ते मला दुरुस्त करतील.

---

वेदिका_म

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, टक्केवारीच्या निविदेत दर विभागाचा असायचा, त्यात दाबणी धरलेलीच असायची, त्यामुळे स्वतः कधी लावायची वेळ आली नाही. पाणी आणि माणसं धरून त्यांचाही हिशेब ६९० ते ७०० पर्यंत आला. ७०० गुणिले ८५, ५९,५००. पण बेरीज वाढली म्हणून ते काळजीत आहेत. आमच्या भागात या कामाला सात-आठ जण तरी भरतील.

---

बचतगट_सचिव

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण पत्रकाचाच आहे. आम्ही गणवेश शिवून देण्याची निविदा भरली होती. दराच्या रकान्यात आम्ही जीएसटी धरून दर लिहिला आणि शेजारी जीएसटीचा वेगळा रकाना होता त्यातही रक्कम भरली. म्हणजे कर दोनदा लागला आणि आम्ही वरच्या क्रमांकावर गेलो. वेदिकाताईंनी ‘जीएसटी सोडून’ लिहिलंय ते कुठून कळलं? आमच्या फाईलमध्ये तसं स्पष्ट नव्हतं.

---

एमबी_वाला

रकान्याच्या डोक्यावरचा मजकूर पूर्ण वाचायचा, पहिले दोन शब्द वाचून पुढे जायचं नाही. तिथे कर धरून की सोडून ते बहुधा असतंच. तिथे नसेल तर निविदा सूचनेत आणि अटींमध्ये शोधायचं. दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलेलं असेल तर मुदतीआधी लेखी विचारायचं. तुमच्या फाईलमध्ये वेगळा रकाना होता, याचा अर्थ दराचा रकाना करविरहित असणार, पण तो तर्क झाला, उत्तर कार्यालयाकडूनच घ्यायला हवं होतं. ताईंच्या कामावर १८ टक्के लागेल. तो सोडून भरायचा असताना धरून भरला तर साडेआठ लाखांचे दहा लाख होतात.

---

खडकवाट

मी ब्रेकर भाड्याने देतो, म्हणून नजर सरळ दुसऱ्या ओळीवर गेली. कठीण खडक ४०० रुपये घनमीटर? ताई, ४०० मध्ये माझं मशीन तुमच्या साइटवर येऊन उभंसुद्धा राहणार नाही. फोडणं, काढणं, बाजूला टाकणं धरून आमच्याकडे ११५० च्या आत होत नाही.

गेल्या वर्षी एका ठेकेदाराने माझ्याकडून काम करून घेतलं. पत्रकात खडक होता ५ घनमीटर, त्याने दर टाकला होता ३५०, कारण रक्कमच किरकोळ दिसत होती. खाली निघाला ४० च्या वर. माझे पैसे त्याने दिले, पण स्वतःच्या खिशातून दिले. फार वाईट वाटलं मला.

---

वेदिका_म

बाबा म्हणाले होते, सहाच घनमीटर आहे, काही का लिहिना, बेरजेला फरक पडत नाही. ४०० असो की १,२००, फरक ४,८०० चा. म्हणून आम्ही कमी ठेवला होता.

---

नवनाथ_कन्स्ट्रक्शन

बेरजेला फरक पडत नाही तर उलटं करायचं ना. खडक जास्त निघणार अशी शंका असेल तर तिथे दर ४,००० टाका. सहा घनमीटरचे २४,००० होतात. ते वीट बांधकामातून काढून घ्या, ३८ घनमीटर आहे, दर ६,९०० केला की १९,००० कमी झाले. बेरीज जवळपास तीच. खडक निघाला की सगळी भरपाई. शिवाय खोदाई आधी होते, पहिल्याच चालू बिलात पैसा हातात येतो. जुने ठेकेदार असंच करतात.

---

एमबी_वाला

जुने ठेकेदार करतात हे खरं आहे, आणि त्यातले काही त्यात बुडालेही आहेत, तेही खरं आहे.

वीट बांधकामाचं आधी बघू. ते ३८ घनमीटर नक्की होणार आहे, भिंत बांधायचीच आहे. तिथला तोटा नक्की. खडक निघणं ही शक्यता. नक्कीचा तोटा घेऊन शक्यतेवर पैसे लावायचे, आणि मधल्या काळात अभियंत्याने भिंतीची रेघ थोडी सरकवली किंवा पाया उथळ केला, तर खडकाची बाब शून्यावर येते. त्याला तसा अधिकार आहे, आणि ४,००० चा दर दिसला की तो हिशेब कुणीही करेल. त्याआधी दर इतका वेडावाकडा दिसला तर दरपृथक्करण मागतात. म्हणजे या दरात माल किती, मजुरी किती, मशीन किती ते लिहून द्या. ४,००० चं पृथक्करण तुम्ही काय देणार?

दुसरं, वाढीव परिमाणाचं कलम. आपल्याकडच्या बांधकाम विभागाच्या नमुन्यात ते ३८ क्रमांकाचं आहे. तुमच्या कागदपत्रात आहे का ते बघा. त्याचा आशय असा की निविदेतल्या परिमाणापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत जास्त काम झालं तर तुमच्याच दराने करायचं. त्याच्या वर गेलं आणि त्या वरच्या कामाची तुमच्या दराने होणारी किंमत ५,००० रुपयांहून जास्त झाली, की वाढीव काम चालू दरसूचीवरून काढलेल्या दराने मोजायचं, आणि तुमची निविदा अंदाजपत्रकाच्या जितकी वर किंवा खाली असेल ती टक्केवारी त्याला लावायची. म्हणजे ४,००० चा दर मिळतो तो मुख्यतः साडेसात घनमीटरपर्यंतच. पुढे दरसूची. नवनाथदादांची भरपाई तिथेच थांबते.

---

खडकवाट

मग त्या कलमाने कमी दर टाकणाराही वाचतो ना? माझा तो ठेकेदार ४० घनमीटरवर बुडायला नको होता.

---

एमबी_वाला

त्याच्या करारात ते कलम होतं का, आणि त्याने ते मागितलं का, ते मला ठाऊक नाही. पण वेदिकाताईंच्या आकड्यांवर लावून दाखवतो. ५,००० ची अट तुमच्या स्वतःच्या दराने मोजतात. हे फार जण बघत नाहीत.

परिमाण ६. त्याचा सव्वापट साडेसात. समजा प्रत्यक्षात खडक निघाला साडेतेरा घनमीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. साडेसातच्या वरचे झाले ६ घनमीटर. दर ४०० असेल तर त्याची किंमत २,४००. पाच हजारांच्या आत! म्हणजे दर बदलून मागता येत नाही आणि सगळे साडेतेरा घनमीटर ४०० नेच. खर्च ११५० धरला तर घनमीटरमागे ७५० चा तोटा, एकूण १०,१२५. ४०० च्या दराला दार उघडतं ते थेट २० घनमीटरच्या पुढे.

तोच दर १,२०० असेल तर वरच्या ६ घनमीटरची किंमत ७,२००. पाच हजार ओलांडले, कलम लागू. तेव्हा दरसूचीचा दर तुमच्या १,२०० पेक्षा कमीही निघू शकतो, ते गृहीत धरा. तरी दर मुळात खर्चाला धरून असल्यामुळे पहिल्या साडेसातात तोटा नाही. दर जितका कमी टाकाल तितकं संरक्षण लांब जातं, एवढंच मला सांगायचं आहे.

---

तापीकाठ

मी ते कलम वाचलंय. त्यातली वाक्यरचना बघितली तर २५ टक्के ओलांडले की पुरे असाही अर्थ निघतो. दोन्ही अटी एकदम ओलांडाव्या लागतात असं कुठे आहे?

---

एमबी_वाला

वाक्य गुंतागुंतीचं आहे, मान्य. मी ज्या बिलांवर काम केलं तिथे दोन्ही ओलांडल्यावरच दर बदलला. तुमच्यासारखा अर्थ लावून भांडलेलेही पाहिले. दुसरा न सुटलेला मुद्दा असा की नवा दर साडेसातच्या वरच्या सगळ्याला द्यायचा की पाच हजारांची मजल संपल्यावरच्या कामाला. मी साडेसातपासून धरत आलो. लेखापरीक्षणात एकदा त्यावर आक्षेप आला होता आणि माझी बदली होईपर्यंत तो निघाला नव्हता.

---

नवनाथ_कन्स्ट्रक्शन

पाच हजार स्वतःच्या दराने मोजतात हे माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या दोन चालू कामांची कागदपत्रं काढून बघतो. पण खोदाईला थोडा चढा दर ठेवण्यात मला अजूनही गैर वाटत नाही. पहिलं बिल निघेपर्यंत मजुरांचे पैसे मलाच घालावे लागतात.

---

एमबी_वाला

थोडा चढा म्हणजे खर्चावर तुमचा नफा आणि गुंतवणुकीचं व्याज, तर काहीच हरकत नाही, ते पृथक्करणातही दाखवता येतं. खर्चाच्या साडेतीनपट नको, एवढंच.

ताई, दरावर डोकं लावण्याआधी एक काम करा. साइट जवळ आहे ना? मुख्याध्यापकांना विचारून भिंतीच्या रेघेवर दोन-तीन ठिकाणी पहारीने खणून बघा.

---

वेदिका_म

काल बाबा, मी आणि आमचा एक जुना माणूस जाऊन आलो. भिंत साधारण १२० मीटर लांब आहे. तीन ठिकाणी खणलं. फाटकाच्या बाजूला मीटरभर खोल मुरूमच. मागच्या कोपऱ्यात जेमतेम दीड फुटावर पहार टणकन वाजली. बाबांनी बाजूचा चर बघून सांगितलं की हा खडक चाळीसएक मीटर तरी चालणार. पायाची रुंदी पाऊण मीटर, खडकात जायची खोली पाऊण हाताहून जास्त, अर्धा मीटरच्या जरा आत. ४५ सेंटीमीटर धरून हिशेब केला तर ४० गुणिले ०.७५ गुणिले ०.४५, साडेतेरा घनमीटर. काकांनी समजा म्हणून घेतलेला आकडा तसाच निघाला, अंगावर काटा आला.

बाबांनी खडकाला १,२०० ठरवले. ६ गुणिले १,२००, ७,२००. मुरूम ७०० ने. बाकी सगळं तसंच. नवी बेरीज ८,५७,४२०. वहीपेक्षा २२,३०० जास्त.

---

खडकवाट

साडेतेरा असेल तर एका दिवसाचं काम आहे. मागच्या कोपऱ्यात मशीन आत जायला वाट आहे का तेवढं बघून ठेवा. शाळेची इमारत आणि कुंपण यात दहा फूट तरी हवी. नसेल तर हातब्रेकर लागेल आणि मग १,२०० सुद्धा पुरणार नाहीत.

---

वेदिका_म

वाट आहे, बैलगाडी जात होती म्हणे तिथून. मोजून घेते.

---

बचतगट_सचिव

ताई, इतकं खणून खडक सापडला तर कार्यालयाला आधीच कळवायचं नाही का? पत्रकातला आकडाच चुकीचा आहे की.

---

एमबी_वाला

कळवा, लेखी कळवा. मुदतीआधी त्यांनी शुद्धिपत्रक काढून परिमाण बदललं तर सगळ्यांना सारखं होईल. तसं झालं तर नवी बीओक्यू फाईल येते, जुनी भरून चढवू नका. नाही काढलं तरी तुमचं पत्र दप्तरात राहील, पुढे वाढीव परिमाणाची मंजुरी घेताना त्याचा उपयोग होईल. आणि खडक लागल्यावर लेखी आदेश हातात आल्याशिवाय साडेसातच्या पुढे एक टोपलंही काढू नका, थर झाकण्याआधी मोजमाप घ्यायला लावा. पाया भरला की खाली खडक होता की मुरूम, कुणी सांगू शकत नाही.

फाईल भरताना मूळ नाव बदलू नका, ओळी वाढवू किंवा पुसू नका. दुसऱ्या प्रकारात जतन करू नका, पोर्टलवरून उतरवली त्याच `.xls` मध्ये ठेवा. ब्रासचे दर पुन्हा बदलायची वेळ आली तर बाजूच्या वेगळ्या फाईलमध्ये हे सूत्र वापरा, बीओक्यूच्या फाईलमध्ये नको:

```
=ROUND(1400/2.8317,2)
```

४९४.४० येतील. तो सुट्या मुरमाचा घनमीटर दर, दाबणीचा नाही, हे विसरू नका.

---

वेदिका_म

पत्र आज सकाळी देऊन पोच घेतली. तिथल्या शाखा अभियंत्यांनी नीट ऐकून घेतलं, कोपरा बघायला येतो म्हणाले. बाबा म्हणतायत की शुद्धिपत्रक आलं नाही तर बाकीचे निविदाकार ४०० च लिहितील आणि आम्ही वरच्या क्रमांकावर राहू. मी म्हटलं, त्या चार-पाच हजारांनी काम गेलं तर जाऊ दे. मुरमाच्या सतरा हजारांवर मात्र माझं अजून ठरत नाहीये. दाबणीचा सव्वापट थोडा कमी धरता येईल का, ते त्या खाणीच्या मुरमावर बघायला बाबा उद्या जातायत. एक खोकं मोजून भरायचं, दाबायचं आणि किती बसतो ते बघायचं. बुधवारी रात्री आकडा कळवते.